शोकसभेत आजोबांबद्दल बोलायचंय तर

अरे, जन्म, नोकरी, निवृत्ती हे सगळं काका सांगतीलच, तू त्यात जाऊच नको. 'मनमिळाऊ, परोपकारी' हे तर प्रत्येक जण बोलतो. तू नातू आहेस ना, मग घरातलीच एक सवय घे आणि ती नीट दाखव.

मी माझ्या आजोबांच्या वेळी एवढंच सांगितलं, की रात्री झोपायच्या आधी ते दाराची कडी दोनदा ओढून बघायचे, मग चपला मोजायचे, आणि एक जोड कमी असला की व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. मी उशिरा आलो की रागावणं नाही, फक्त "जेवलास का?" हे मी त्यांच्याच सुरात म्हटलं आणि मागे बसलेली आत्या रडायलाच लागली.

पण त्या वाक्यालाच आपलाही गळा दाटतो बघ, म्हणून ते घरी चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून बघ आणि कागदावर त्याच्या आधी 'थांब' लिही. तीन मिनिटं पुरे. आजीला आधी वाचून दाखव, तिला नको असेल ते काढ. शेवटी फोटोला नमस्कार करून खाली बस.