चौकटीच्या कागदावर परिमिती कमी का येते?

प्रश्न: आम्ही सांगलीत राहतो. मुलगी पाचवीत आहे. चौकटीच्या वहीवर तिचे क्षेत्रफळ बरोबर येते, पण परिमिती नेहमी चारने कमी येते. असे का?

उत्तर: ती बहुधा आकृतीच्या कडेच्या रेषा न मोजता कडेला लागून असलेले चौरस मोजत आहे. एक सेंमीच्या चौकटींवर 4 सेंमी लांब व 3 सेंमी रुंद आयत काढला, तर कडेचे चौरस 10 भरतात, परंतु परिमिती 14 सेंमी असते. कारण कोपऱ्यातल्या प्रत्येक चौरसाच्या दोन बाजू बाहेर असतात आणि चौरस मोजताना तो एकदाच मोजला जातो. तिला एका कोपऱ्यावर खूण करून पेन्सिलीचे टोक रेषेवरून फिरवायला सांगा आणि खुणेपाशी परत येईपर्यंत प्रत्येक सेंमी मोठ्याने मोजू द्या. घरातल्या चौरस फरशीवर सांध्याच्या रेषेवरून चालत हेच करता येते.

त्यानंतर त्याच आयताचा एक कोपऱ्यातला चौरस खोडायला लावा. क्षेत्रफळ 11 चौसेंमी होते, परिमिती मात्र 14 सेंमीच राहते, कारण दोन बाजू गेल्या तरी आतल्या दोन बाहेर आल्या. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

नेहमीच्या इतर चुका:

- आकृतीच्या आतल्या रेषाही परिमितीत धरणे.
- परिमितीला चौसेंमी लिहिणे. ती लांबी असल्याने एकक सेंमीच राहते.
- क्षेत्रफळ समान म्हणजे परिमितीही समान, असे मानणे. 12 चौरस एका ओळीत मांडले, तर परिमिती 26 सेंमी होते.