गंजातल्या भातात आपला वाटा किती

"आई, आजीकडे सगळे एकाच गंजातून घेतात, कुणीच काही मोजत नाही आणि आजी मध्येच आणखी वाढते. मग माझ्या पानात किती कार्ब्स आले हे इन्सुलिन घेण्याआधी मला कसं कळणार?"

प्रिय बाळा,

इकडे तुझी ताटली वेगळी भरलेली असते आणि पाकिटावर आकडे छापलेले असतात, म्हणून पानाकडे बघून हिशेब होतो. नागपूरच्या घरी पानाकडे बघून हिशेब करू नकोस, तो भांड्यापासून सुरू कर. कच्चा तांदूळ किंवा कच्चे बेसन भांड्यात पडले, की त्यातले कर्बोदक तिथेच ठरून जाते. नंतर आजीने पाणी घातले, रस्सा आटवला किंवा कुकरची एखादी शिट्टी जास्त झाली, तरी ते वाढत नाही किंवा घटत नाही. बदलते ते फक्त शिजलेल्या अन्नाचे वजन. म्हणून स्वयंपाक सुरू होताना आजीजवळ उभी राहा, काय किती घेतले ते लिहून ठेव, आणि जेवताना फक्त एवढेच शोध की त्या भांड्याचा कितवा हिस्सा तुझ्या पानात आला.

भातापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत सोपा आहे. आजीने ४०० ग्रॅम तांदूळ धुऊन लावला असे समज. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदक असते, म्हणजे त्या भांड्यात ३१२ ग्रॅम झाले. रिकाम्या भांड्याचे वजन आधी करून ठेवले असेल आणि ते ३५० ग्रॅम असेल, आणि शिजल्यावर भरलेले भांडे १,४३० ग्रॅम भरले, तर भात १,०८० ग्रॅम झाला. ३१२ ला १,०८० ने भागले की १०० ग्रॅम भाताला जवळजवळ २९ ग्रॅम कर्बोदक येते. आजीचा भात मोकळा असेल त्या दिवशी हा आकडा चढतो आणि मऊ असेल त्या दिवशी उतरतो. म्हणूनच शिजलेल्या भाताचा पुस्तकातला एकच आकडा घरच्या भाताला नेमका बसत नाही, पण कच्च्या तांदळाचा आकडा विश्वासाने वापरता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. तुझ्या वहीत मी लिहून दिलेले कच्च्या जिनसांचे आकडे त्यांच्याशी जुळणारे आहेत आणि ते तंतूमय भाग वगळून आहेत.

पोळीचे काम आणखी सोपे आहे. ५०० ग्रॅम कणकेत सुमारे ३२५ ग्रॅम कर्बोदक असते. काकूने तिचे सोळा गोळे केले तर प्रत्येक पोळीत साधारण २० ग्रॅम आले. गोळे लहानमोठे दिसले तर तुझ्या वाट्याचे दोन गोळे तेवढे वजनकाट्यावर ठेवून घे.

आता पाटोडी रस्सा. शनिवारी आजी तो करणार आहे असे तिने मला फोनवर सांगितले, आणि तुझा खरा प्रश्न तिथेच आहे, कारण या पदार्थात भांडे सगळीकडे सारखे नसते. भात कुठूनही घेतला तरी तो भातच असतो. रश्श्यात मात्र बेसनाच्या वड्या वेगळ्या, पातळ रस्सा वेगळा आणि वर तरंगणारी तर्री वेगळी, आणि या तिघांत कर्बोदक अगदी असमान वाटलेले असते.

आजी पाच जणांसाठी ३०० ग्रॅम बेसन घेते. त्यात सुमारे १४१ ग्रॅम कर्बोदक असते. ते पाण्यात शिजवून, तेल लावलेल्या ताटात थापून, वर खोबरे आणि कोथिंबीर भुरभुरून ती त्याच्या तीस पाटोड्या पाडते, म्हणजे एका पाटोडीत ४.७ ग्रॅम आले. रश्श्यात कांदा, सुके खोबरे, खसखस आणि मसाला असतो. कर्बोदक मोजण्याजोगे देतो तो कांदाच, आणि २५० ग्रॅम कांद्यातून सुमारे २० ग्रॅम येते. तेवढे बारा पळ्या रश्श्यात पसरले की एका पळीला जेमतेम २ ग्रॅम उरते.

समजा पाटोड्या रश्श्यात सोडल्या आहेत आणि सगळे मिळून २,४०० ग्रॅम भरले. भातासारखाच हिशेब केला तर १६१ ग्रॅम कर्बोदक २,४०० ग्रॅममध्ये, म्हणजे १०० ग्रॅमला ६.७ ग्रॅम, आणि तुझी २५० ग्रॅमची वाटी १७ ग्रॅमची ठरेल. पण त्या वाटीत सहा पाटोड्या आणि अर्धी पळी रस्सा असेल, तर खरे कर्बोदक २९ ग्रॅम आहे. तुझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी तेवढ्याच वजनाच्या वाटीत एकच पाटोडी आणि बाकी रस्सा घेतला, तर त्यांच्या वाटीत ८ ग्रॅमच आहेत. तुला १० ग्रॅमला एक युनिट लागते, म्हणजे एकाच पदार्थात एका युनिटाहून थोडी जास्त चूक होते. एवढ्या चुकीने बहुधा काही बिघडत नाही, पण वरणात आणि भातातही तशीच चूक झाली तर तिन्ही मिळून साखर निश्चित हलवतात. म्हणून पाटोड्या मोजायच्या, रस्सा पळीने धरायचा आणि दोन्ही एकत्र करून वजन करायचे नाही. ताटाच्या कडेला पाटोड्या तिरक्या कापल्या जातात आणि तिथे अर्धे तुकडे निघतात. असे दोन तुकडे एक पाटोडी धर. आजी पाटोड्या मऊ पडू नयेत म्हणून बहुतेक वेळा त्या वाटीत ठेवून वरून रस्सा घालते, आणि तिने तसे केले तर तुझे काम आयतेच होते.

तर्रीत कर्बोदक नसते, पण ती हिशेबातून वगळू नकोस. वरची पळी पहिल्या माणसाच्या वाटीत जाते आणि तीत तेल जास्त असते. भरपूर तेल असलेल्या जेवणाने साखर उशिरा आणि जास्त वेळ चढत राहते, म्हणून दोन तासांनी सेन्सरचा आकडा चांगला दिसला तरी त्या दिवशी चार-पाच तासांपर्यंत पाहत राहा. वाढण्याआधी रस्सा खालून ढवळून घे, निदान तुझ्या वाटीपुरता. वरणाचेही तेच. २०० ग्रॅम तूरडाळीत ११० ग्रॅम कर्बोदक असते आणि दहा पळ्या झाल्या तर पळीला ११ येते, पण डाळ तळाशी बसते, आणि ढवळले नाही तर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला गोळा मिळतो. ऐन वेळी कुणी आले म्हणून आजीने वरणात गरम पाणी घातले, तर घाबरू नकोस. ११० तसेच आहे. पळ्या दहाच्या तेरा झाल्या एवढेच, आणि पळीला साडेआठ ग्रॅम धर.

आता आग्रहाचे. आजी तुला पानावरून उठू देणार नाही, आणि तिने तसे करू नये असे मला वाटतही नाही. आपल्या घरात वाढणारी व्यक्ती जेवणाऱ्याचे पान रिकामे दिसू देत नाही, ही तिची माया आहे. पण तू नक्की खाणार नाहीस त्या अन्नाचे इन्सुलिन आधी घेऊ नकोस, कारण मग भूक नसली तरी खावे लागते किंवा साखर खाली जाते. आपल्याकडे रोजच्या जेवणात पोळी-भाजी आधी आणि भात शेवटी येतो, याचा तुला उपयोग करून घेता येईल. शनिवारी दोन पोळ्या आणि सहा पाटोड्यांची वाटी असे ६९ ग्रॅम तुझे ठरलेले आहेत, आणि तेवढ्याचे इन्सुलिन नेहमीच्या वेळी घे. भाताची वेळ आली की किती घ्यायचा ते बघ. १०० ग्रॅम भात आणि एक पळी वरण घेतले तर आणखी ४० ग्रॅम होतात, आणि त्यासाठीची मात्रा डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तेव्हा वेगळी घे. ही मात्रा अन्नासाठी आहे हे लक्षात ठेव. त्या वेळी सेन्सरवर आकडा चढलेला दिसला तरी तो उतरवण्यासाठी तीत आणखी भर घालू नकोस, कारण आधीचे इन्सुलिन अजून काम करत असते. आजीला आग्रह करायचाच असेल तर काकडीची कोशिंबीर किंवा रस्सा वाढायला सांग. मी तिला फोनवर हे सांगितले आहे आणि तिला ते पटले आहे.

वजनकाटा पंगतीत आणायचा नसेल तर पहिल्याच दिवशी दुपारी एकदा मोजून घे. आजीच्या भात वाढायच्या डावात मोकळा भात किती ग्रॅम मावतो आणि तुझ्या वाटीत किती पळ्या जातात, हे वहीत लिहून ठेवले की पुढे डोळ्यांनी भागते. मात्र डाव सपाट भरला की शिगोशीग भरला, यात मोठा फरक पडतो, म्हणून दोन्ही मोजून ठेव.

जेवण झाल्यावर एक पडताळा कर. भाताचे भांडे पुन्हा काट्यावर ठेव. १,०८० पैकी २५० ग्रॅम उरला असेल तर पाच जणांनी ८३० खाल्ला, आणि तू १०० म्हणतेस तर बाकी चौघांनी सरासरी १८० ग्रॅमहून थोडा जास्त खाल्ला. हे पटण्यासारखे आहे. पण भांड्यात ६०० ग्रॅम उरलेला दिसला, तर पाच जणांत मिळून ४८० गेला आणि चौघांच्या वाट्याला सरासरी ९५ आला. मामा आणि आजोबा एवढाच भात खाऊन उठले असतील हे शक्य नाही, म्हणजे तुझे १०० जास्त धरले गेले असावे किंवा भांड्याचे वजन लिहिताना चुकले असावे. इन्सुलिन जास्त गेले असण्याची ही वेळ आहे, म्हणून तेव्हा लगेच सेन्सर पाहा, मामाला सांग आणि पुढचे दोन-तीन तास ग्लुकोजच्या गोळ्या जवळ ठेव.

काही वेळा हे काहीच चालणार नाही. मामा तुला सावजी भोजनालयात घेऊन जाईल तेव्हा कच्चे वजन कुणी सांगणार नाही, आणि रश्श्यात दाटपणासाठी काय वाटून घातले आहे तेही कळणार नाही. तिथे भाकरी-पोळ्या मोजून खा, भात वहीतल्या डावाच्या मापाने धर, रश्श्याच्या वाटीला ५ ते १० ग्रॅम धर, आणि तेल बरेच असल्यामुळे रात्री झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा आकडा बघायला मामाला सांगून ठेव. लग्नाच्या पंगतीतही हेच कर, फक्त जिलेबी आणि मठ्ठ्यातली साखर विसरू नकोस.

शनिवारचे आकडे मला संध्याकाळी पाठव. आजीने बेसन ३०० च घेतले की पाहुणे आले म्हणून वाढवले, तेही लिही. तिने ते वाढवले असेल तर एका पाटोडीचा हिशेब नव्याने करावा लागेल.

तुझी,
आई