गंमत कशाची करायची आणि कुठे थांबायचं

प्रश्न: आमच्या ढोल-ताशा पथकातली एक मुलगी मला आवडते. मी खूप लाजाळू आहे, समोर बोलता येत नाही. गमतीशीर पण गोड वाटेल, फिल्मी किंवा चीप वाटणार नाही असं प्रेमपत्र कसं लिहू? आणि व्हॉट्सॲपवर पाठवू की कागदावर?

उत्तर:

कागदावर. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटल्या की तिच्यावर लगेच काहीतरी लिहिण्याचं दडपण येतं. शिवाय तो मजकूर पथकाच्या ग्रुपवर जायला एक स्क्रीनशॉट पुरतो. पत्राबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण मी असं पत्र लिहिलेलं आहे आणि त्यावरून माझं आणि माझ्या आतेबहिणीचं आजही वाजतं.

मी मिरजेत तबला शिकत होते. वर्गात एक जण पेटी शिकायला यायचे आणि आमच्या सरावाला लेहरा धरायचे, म्हणजे ताल मोजता यावा म्हणून पेटीवर एकच धून फिरवत राहायचे. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो. बोलणं म्हणजे 'आज लय जरा कमी ठेवू या का' एवढंच. मी मुळातच कमी बोलते, त्यात समोर तेच असले की माझ्या तोंडून 'हो' आणि 'चालेल' याच्यापुढे काही निघत नसे. म्हणून लिहायचं ठरवलं.

वर्गातली पेटी जुनी होती. पावसाळ्यात लाकूड फुगलं की कोमल गंधाराची पट्टी शेजारच्या पट्टीला घासायची, दाबली की खालीच अडकून राहायची आणि तो सूर भोंग्यासारखा वाजत सुटायचा. लेहरा बहुतेक वेळा चंद्रकंस रागात, त्यामुळे कोमल गंधार टाळायची सोय नाही. बाकीचे अशा वेळी थांबायचे, हसायचे, पुन्हा सुरू करायचे. ते थांबत नसत. डावा हात भात्यावर, उजव्या हाताची धून चालूच, आणि मधेच करंगळीचं नख त्या पट्टीखाली घालून ती अलगद वर उचलायचे. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हलायची नाही. मी हे इतक्यांदा पाहिलं होतं की पत्राला विषय शोधावा लागला नाही.

मी लिहिलेलं पत्र आतेबहिणीला दाखवलं. ती वाचनात तरबेज, बोलायला धीट, मोठी. तिनं लाल पेनानं त्यात एक वाक्य घातलं: 'तुमचा लेहरा सुरू झाला की माझं काळीज त्रितालात धडधडतं आणि तुम्ही समेवर पाहिलंत की बंद पडतं.' वाक्य चटपटीत आहे, मान्य. मी ते काढलं. एक तर ते जगातल्या कुठल्याही पेटीवाल्याला पाठवता येतं. दुसरं म्हणजे त्यात ते माणूस म्हणून कुठेच नाहीत, सगळं माझ्या काळजाबद्दल आहे. आणि काळीज बंद पडतं असं सांगितलं की ते चालू ठेवायची जबाबदारी समोरच्यावर येते. गंमतीत का होईना, ओझंच. गोड आणि चीप यातली सीमा माझ्या मते इथे आहे. नाव बदलून तेच वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवता येत असेल, तर ते खोडायचं. चंद्र, चांदण्या, डोळे, हसू, सगळं यातच जातं. आणि शाळेच्या अर्जाच्या नमुन्यात 'विषय: तुमच्या हृदयात जागा मिळण्याबाबत' असलं लिहायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. ते तिनं आधीच दहा ठिकाणी वाचलेलं असणार.

शेवटी दिलं ते पत्र असं होतं.

'सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते, यात वाईट बातमी काही नाही. सर बरे आहेत, तबल्याची शाई उडालेली नाही, परीक्षेची तारीखही बदललेली नाही.

मला तुमच्याशी त्या कोमल गंधाराबद्दल बोलायचं आहे. पावसाळ्यात तो अडकतो हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. पण तुम्ही वाजवायला बसलात की तो जास्त अडकतो, हे मी नीट लक्ष देऊन पाहिलं आहे. मला वाटतं तो मुद्दाम करतो. बाकीच्या पट्ट्यांना तुम्ही इतक्या मायेनं करंगळीनं उचलत नाही ना.

दुसरी तक्रार पंख्याची. तो सोळा मात्रांत कुठेच बसत नाही, तरी सर त्याला एक शब्द बोलत नाहीत. त्याची फी वेळेवर येत असावी.

तुम्ही लेहरा धरता तेव्हा मी तिहाई न घाबरता घेते. माझी तिहाई समेच्या पुढे-मागे गेली तर तुम्ही मान वर करून बघत नाही. पुढच्या समेला फक्त थोडा जोर देता, म्हणजे मला जागा सापडावी. हे तुम्ही सगळ्यांसाठी करता का, मला माहीत नाही. माझ्यासाठी करता, हे मला कळलेलं आहे.

मला तुम्ही आवडता.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. सुट्टीनंतर तुम्ही नेहमीसारखा लेहरा धरलात की मी नेहमीसारखी वाजवेन. बोलावंसं वाटलं, तर वर्ग सुटल्यावर चपला घालायला मी सगळ्यात जास्त वेळ लावते, तेव्हा थांबा. इतका वेळ का लावते, ते आता तुम्हाला कळलंच.

कळावे.

ता. क. सरांनी पेटी दुरुस्तीला काढली, तर त्या एका पट्टीला हात लावू देऊ नका.'

एका पानाच्या एकाच बाजूवर बसलं. त्याहून मोठं नको, कारण मोठं पत्र वाचणाऱ्यालाही तेवढंच मोठं उत्तर द्यावंसं वाटतं.

गंमत कुणाची केली आहे ते बघा. कोमल गंधाराची, पंख्याची, चपलांची. त्यांची नाही. माझीही नाही. लाजाळू माणसं इथेच घसरतात: 'मी वेडा, मी बावळट, तुझ्यासमोर तोंडातून शब्द फुटत नाही' असं लिहून हसवायला जातात. वाचणाऱ्याला मग 'नाही नाही, तू चांगला आहेस' अशी समजूत काढावी लागते, आणि समजूत काढता काढता प्रेमात कुणी पडत नाही. दोघांनी मिळून पाहिलेली, दोघांनाच कळेल अशी एखादी वस्तू घ्या आणि तिची गंमत करा. 'मी तुझ्याकडे लक्ष देत होतो' हे त्यातून न सांगता पोचतं.

'मला तुम्ही आवडता' ही ओळ एकटी आहे, साधी आहे, तिच्यात गंमत नाही. आतेबहिणीला ती 'सपक' वाटली होती. तिथे विनोद घातला असता तर त्यांना कळलंच नसतं की मी खरं बोलतेय की थट्टा करतेय. अशी शंका आली की भला माणूस हसून सोडून देतो, आणि मग तुम्ही वर्षभर अर्थ लावत बसता. ती ओळ पत्राच्या शेवटच्या शब्दालाही ठेवू नका. तिच्यानंतर थोडी मोकळी हवा हवी, म्हणून चपला आणि ता. क.

पत्र मी गणपतीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या वर्गाला दिलं, स्वतःच्या हातानं, 'घरी गेल्यावर वाचा' एवढंच म्हणून. मधे कुणाला घातलं नाही. सुट्टीमुळे त्यांना दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर बसावं लागलं नाही.

सुट्टीनंतर ते चपलांपाशी थांबले. म्हणाले, 'पत्र तीनदा वाचलं. पंख्याचं आईलाही वाचून दाखवलं, बाकीचं नाही.' मग त्यांनी सांगितलं की त्यांचं एका मुलीशी ठरत आलंय. पुढे म्हणाले, 'मी लेहरा धरलेला चालेल ना?' मी म्हटलं, 'चालेल.'

यावरूनच आतेबहिणीचं म्हणणं, की बघ, माझं वाक्य ठेवलं असतंस तर निकाल वेगळा लागला असता. हे ती लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, कुठेही चार लोकांत सांगते. मला ते मुळीच मान्य नाही. एखाद्याचं दुसरीकडे ठरत आलेलं असेल तर ते त्रितालातल्या काळजानं मोडत नाही, आणि मोडत असेल तर मला तसा माणूस नको होता. पुढे माझ्या विशारदच्या परीक्षेला लेहरा त्यांनीच धरला. मिरज वाद्यांचं गाव, लेहरा धरणारे मला दुसरेही मिळाले असते. पण मला त्यांना विचारताना संकोच वाटला नाही आणि त्यांना हो म्हणताना वाटला नाही. लाल पेनाचं वाक्य आत असतं तर आम्ही दोघंही एकमेकांना टाळत राहिलो असतो. ताई, तू हे वाचत असशील तर माझं उत्तर हेच आहे.

तुमच्याबद्दल. तुमच्या पथकातही अशी वस्तू असणारच. वाजवण्याआधी बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची तिची तऱ्हा, ढोलाची दोरी ताणताना ती कुणाला हाक मारते, कुणाचं टिपरू हरवलं की स्वतःचं जादाचं काढून देते का. हे मी इथे बसून सांगू शकत नाही, सरावात तुम्हीच बघा. काहीच आठवत नसेल तर पत्राची घाई करू नका, कारण मग तुम्हाला ती आवडते की तिचं वाजवणं, हेच अजून ठरलेलं नाही. ती तुम्हाला 'अरे' म्हणत असेल तर पत्रातही 'तू' लिहा. बोलण्यात 'तू' आणि कागदावर अचानक 'आपण' आलं की पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतल्यासारखं वाटतं.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: तिनं याआधी कधी, कुठल्याही रीतीनं नाही म्हटलेलं असेल तर पत्र लिहू नका, गमतीचं तर नाहीच. तुम्ही पथकात प्रमुख असाल आणि कुणाला कुठल्या रांगेत उभं करायचं हे तुमच्या हातात असेल, तरीही नको. तिला मोकळेपणानं नाही म्हणता येणार नाही. यातलं काही नसेल तर विसर्जन होऊन सामान आवरून झालं की, मित्रांच्या घोळक्यात नाही, तिच्या हातात द्या.