कवितेचा एकच बरोबर अर्थ का नसतो?

प्रश्न: मुलीने कवितेचा अर्थ वेगळा लिहिला, तरी तुम्ही गुण दिलेत. मग बरोबर अर्थ नक्की कोणता?

उत्तर: बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. कविता फक्त आठ ओळींची आहे. झरा, चार घरांचं गाव, हिरवी शेतं, त्यातून काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. एवढंच. वाट डोहाकडे का जाते, हे कवी सांगत नाही.

कुणी हे निव्वळ निसर्गचित्र म्हणून वाचतं आणि ते पुरेसं आहे. कुणाला ती वाट घरांपासून मृत्यूपर्यंतचा प्रवास वाटते, कारण वाटेच्या दोन ओळींत पांढरा, हिरवा, काळा असे रंग याच क्रमाने येतात. कुणाला औदुंबरात विरक्त माणूस दिसतो. तिन्ही वाचनांना ओळींमध्येच आधार आहे.

पण म्हणून काहीही चालत नाही. कुणी लिहिलं की डोह भयंकर आहे, तर मी ‘गोड काळिमा’ या शब्दांवर बोट ठेवते. काळोखाला कवीने गोड म्हटलंय. निव्वळ भीतीचा अर्थ तिथे अडतो, त्याला तो ‘गोड’ सामावून घ्यावाच लागतो. आणि ‘गोड’ हाच शब्द मला या कवितेत सगळ्यात अवघड वाटतो, इतकी वर्षं शिकवूनही.

तुमच्या मुलीने मृत्यूचा अर्थ लिहिला होता, पण ‘गोड’ सोडला नव्हता. ‘औदुंबराला तिथे बसायला आवडतं’ असं तिने लिहिलं. गुण त्या वाक्याचे आहेत. घरी तिला एवढंच विचारा, ‘कुठल्या शब्दावरून?’