ओ पॉझिटिव्ह मुलाचं रक्त ए निगेटिव्ह आईला का नाही?

प्रश्न: आईचा गट ए निगेटिव्ह, माझा ओ पॉझिटिव्ह. ओ गट सगळ्यांना चालतो असंच ऐकत आलोय, तरी रक्तपेढीने आईसाठी माझं रक्त नको म्हटलं. नंतर तिला प्लाझ्मा दिला तो मात्र ए पॉझिटिव्हचा! तिथे पॉझिटिव्ह कसं चाललं?

उत्तर:

दोन्ही वेळा रक्तपेढीने बरोबरच केलं. मी गेली बरीच वर्षं रक्तपेढीत क्रॉसमॅचच्या, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का हे तपासायच्या टेबलावर काम करते. तुम्हाला पडलेलं कोडं नातेवाइकांच्या तोंडून मी सारखं ऐकते, आणि त्याचं मूळ "रक्त चालतं का" या शब्दांतच आहे. टेबलावर आम्ही दोन वेगळे प्रश्न विचारतो. पिशवीतल्या लाल पेशींवर असं काही आहे का, ज्याच्याविरुद्ध पेशंटकडे अँटीबॉडी आहे किंवा तयार होईल? आणि पिशवीतल्या प्लाझ्मात अशी अँटीबॉडी आहे का, जी पेशंटच्या पेशींवर तुटून पडेल? पिशवीत पेशी असतील तर पहिला प्रश्न मोठा, प्लाझ्मा असेल तर दुसरा.

आधी ए, बी, ओ बघू. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एक विशिष्ट साखर चिकटली की ए अँटिजेन, दुसरी चिकटली की बी. दोन्हींपैकी काहीच चिकटलं नाही, तर ती पेशी ओ गटाची. अशाच साखरा आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवरही असतात. त्यामुळे जी साखर आपल्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्ध अँटीबॉडी आपल्या रक्तात बाळपणीच, पहिल्या काही महिन्यांत, तयार होते. त्यासाठी कोणाचं रक्त अंगात जावं लागत नाही. म्हणून तुमच्या आईच्या प्लाझ्मात अँटी-बी आहे. तुमच्या पेशींवर ए नाही नि बी नाही, त्यामुळे तुमच्या प्लाझ्मात अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही आहेत.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा मामला वेगळा आहे. तिथे आपण आरएच गटातलं डी हे अँटिजेन बघतो. डी ही साखर नव्हे, पेशीच्या आवरणात गुंफलेलं प्रथिन आहे, आणि त्याच्यासारखं काही आतड्यातल्या जिवाणूंवर नसतं. म्हणून निगेटिव्ह माणसाच्या रक्तात अँटी-डी आपोआप येत नाही. डी असलेल्या पेशी एकदा त्याच्या रक्तात जाव्या लागतात. मगच ती तयार होते, तीही काही आठवड्यांनी, आणि सगळ्यांमध्ये नाही.

आता तुमची पिशवी घेऊ. तुमच्या पेशींवर ए-बी काहीच नाही, म्हणजे आईच्या अँटी-बीला धरायला काही नाही. ओ गट सगळ्यांना चालतो हे वाक्य इथपर्यंत खरं. पण तुमच्या पेशींवर डी आहे आणि आईच्या पेशींवर नाही. सगळ्यांना देता येतात त्या ओ निगेटिव्हच्या पेशी, ओ पॉझिटिव्हच्या नव्हेत. शिवाय तुमचं रक्त जसंच्या तसं, प्लाझ्मासकट दिलं असतं, तर त्यातली अँटी-ए आईच्या ए पेशींवर गेली असती. प्लाझ्मा काढून टाकलेल्या पॅक सेलमध्ये ही अडचण नावापुरती उरते, डीची मात्र तशीच राहते. पोटच्या मुलाचं रक्त आईला द्यायचं तर ते आधी किरणोत्सर्गाने संस्कारित करावं लागतं, नाहीतर त्यातल्या जिवंत पांढऱ्या पेशी आईच्या शरीरात मूळ धरण्याचा धोका असतो. गट तंतोतंत जुळला असता तरीही रक्तपेढीने शक्यतो परक्याचीच पिशवी निवडली असती.

प्लाझ्माचं गणित याच नियमाने उलटं होतं. ए पॉझिटिव्ह दात्याच्या प्लाझ्मात फक्त अँटी-बी. आईच्या पेशींवर बी नाहीच, म्हणजे धोका नाही. आणि डी? डी असतं लाल पेशींवर. प्लाझ्मा गोठवायच्या आधी पेशी वेगळ्या काढलेल्या असतात, त्यामुळे पिशवीवर पॉझिटिव्ह लिहिलेलं असलं तरी आत डी जवळजवळ नसतंच. म्हणून गोठवलेला प्लाझ्मा देताना आम्ही ए, बी, ओ जुळवतो, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघत नाही. तुमचा स्वतःचा प्लाझ्मा मात्र आईला अजिबात चालला नसता. पेशींच्या बाबतीत सगळ्यांना चालणारा ओ गट प्लाझ्माच्या बाबतीत फक्त ओ गटालाच चालतो, आणि सगळ्यांना चालतो तो एबी गटाचा प्लाझ्मा.

इथे उत्तर संपवता आलं असतं, पण तुम्ही आणि आई यांच्यातली एक गोष्ट राहिली आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तुम्ही पॉझिटिव्ह आहात. म्हणजे निगेटिव्ह आईने डी असलेलं बाळ नऊ महिने पोटात वाढवलं. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात जातात. एकदा डीची ओळख व्हायला काही वेळा तेवढंही पुरतं. बाळाचा गट आईला न चालणारा असता, समजा बी, तर आईच्या अँटी-बीने त्या पेशी डीची ओळख व्हायच्या आतच संपवल्या असत्या, असं बरेचदा होतं. तुमच्या ओ पेशींना तिच्याकडे अडवणारं कोणी नव्हतं. प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन दिलं असेल तर ही ओळख बहुधा टळते. आईला ते दिलं होतं का, हे तिला विचारून ठेवा.

हा नुसता तर्क नाही. अशी एक बाई माझ्या टेबलावर येऊन गेली आहे, अर्थात तिच्या रक्ताच्या नमुन्याच्या रूपाने. वय साठीचं, गट ए निगेटिव्ह, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन ठरलेलं. आयुष्यात कधी रक्त घेतलेलं नव्हतं. मुलं दोन, धाकटा तिशी ओलांडलेला. गट तपासताना काही खटकलं नाही: अँटी-एच्या नळीत तिच्या पेशींची घट्ट गुठळी, अँटी-बी आणि अँटी-डीच्या नळ्या साफ. उलट बाजूनेही, तिच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात, ए पेशी मोकळ्या राहिल्या, बी पेशींची गुठळी झाली. सगळं जुळलं.

मग अँटीबॉडी स्क्रीनिंग लावलं. त्यात पेशंटचं सीरम तीन तयार ओ पेशींबरोबर ठेवतात. पेशी ओ गटाच्या, म्हणजे अँटी-ए, अँटी-बी मध्ये येत नाहीत आणि बाकी काही लपलं असेल तर दिसतं. सलाइनमध्ये लगेच फिरवून पाहिलं, तिन्ही नळ्या साफ. नळी हलकेच तिरकी केली की तळाच्या पेशी धुरासारख्या वर येत विरतात, तसंच दिसलं. मग 37 अंशांवर ठेवलं, पेशी सलाइनने तीनदा धुतल्या, कूम्ब्जचं द्रावण घालून पुन्हा फिरवलं. या वेळी दोन नळ्यांमधून धूर निघाला नाही. पेशींचे तुकडे सुटून आले, दह्याच्या कवड्या फुटाव्यात तसे. तिसरी नळी साफ राहिली. ज्या दोन पेशींवर डी होतं त्यांचीच गुठळी झाली होती. नंतर अकरा पेशींचं पॅनेल लावलं. त्यातही डी असलेली प्रत्येक पेशी चिकटली आणि डी नसलेली एकही नाही. तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणातली अँटी-डी त्या बाईच्या रक्तात अजून होती.

तिला चुकून पॉझिटिव्ह पिशवी लावली असती आणि क्रॉसमॅच फक्त सलाइनच्या पायरीपर्यंत केला असता, तर तो साफ दिसला असता! अँटी-ए, अँटी-बी बहुतांशी मोठ्या, पाच-पाच तुकड्यांच्या आयजीएम अँटीबॉडी असतात. त्या एका पेशीवरून दुसरीपर्यंत पोचतात, म्हणून गुठळी लगेच होते. अँटी-डी सहसा लहान आयजीजी असते. ती पेशीला चिकटते, पण शेजारच्या पेशीपर्यंत तिचा हात पुरत नाही. चिकटलेल्या आयजीजींना एकमेकींशी जोडणारा दुवा म्हणजे कूम्ब्जचं द्रावण. ही चाचणी 1945 साली आली. त्याआधी अशी अँटीबॉडी सहज नजरेतून सुटायची.

डॉक्टरांना डीचा सुगावा लागला तोही अशाच एका आईमुळे. 1939 मध्ये लेविन आणि स्टेट्सन या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमधल्या एका बाईची हकीगत छापली. तिचं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून तिला नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचा गट ओ, तरी तिला जोराची रिअ‍ॅक्शन आली. तिच्या सीरमने नवऱ्याच्या पेशींच्या गुठळ्या केल्या, आणि तिच्याशी गट जुळणाऱ्या 104 दात्यांपैकी 80 जणांच्याही. पोटातल्या बाळाने बापाकडून आणलेल्या कशाच्या तरी विरोधात आईने अँटीबॉडी केली, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

दोन्ही चुका घातकच, पण त्या दिसतात वेगवेगळ्या. ए-बीची चूक झाली तर पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. पहिल्या काही मिनिटांत थंडी-ताप, कंबरेत कळ, लघवी लाल. म्हणून पिशवी लावल्यावर पहिली 15 मिनिटं पेशंटजवळ थांबतात, आणि असं काही दिसलं की आधी रक्त बंद करतात. डीच्या चुकीत पेशी बहुधा प्लीहेत मारल्या जातात. रक्त चढवताना सगळं ठीक असू शकतं, नंतरच्या काही दिवसांत कावीळ येते आणि वाढलेलं हिमोग्लोबिन पुन्हा खाली येतं.

निगेटिव्ह रक्त मिळतच नसेल, पेशंट रक्तस्रावाने जात असेल आणि अँटी-डी नसेल, तर मुलं होण्याचं वय उलटलेल्या बाईला पॉझिटिव्ह पेशी देऊन जीव वाचवतात. तो निर्णय योग्यच असतो. आईच्या बाबतीत तो पर्याय खुला आहे की नाही, हे तिच्या अँटीबॉडी स्क्रीनिंगवर अवलंबून आहे. तो रिपोर्ट रक्तपेढीकडून मागून घ्या. त्यात अँटी-डी किंवा दुसरी कुठलीही अँटीबॉडी लिहिलेली असेल, तर तो कागद आईच्या फाइलमध्ये कायम ठेवा आणि पुढच्या प्रत्येक हॉस्पिटलात आधी दाखवा. अशी अँटीबॉडी वर्षांनुवर्षांत इतकी कमी होऊ शकते की चाचणीत दिसत नाही, आणि ते अँटिजेन असलेली पिशवी चढली की काही दिवसांत पुन्हा उसळते. अशा वेळी ती एकेकाळी होती हे कळायला तो जुना रिपोर्टच असतो.