तस्थौ, सस्मार आणि चहाबिहा: कॉपी नेमकी कुठे कापली जाते?

प्रश्न: स्था चं तस्थौ होतं, मग स्मृ चं तस्मार किंवा मस्मार का नाही, सस्मार का? यात काही लॉजिक आहे की नुसतं पाठच करायचं? आणि आपल्या चहाबिहाशी याचा काही संबंध आहे का?

लॉजिक आहे, आणि पाठ करायची गरज खरंच फार कमी उरते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा की द्विरुक्तीत जो तुकडा दोनदा येतो तो जसाच्या तसा येत नाही, त्याला एक ठरलेला साचा असतो. संस्कृतच्या लिट् मधे, म्हणजे परोक्ष भूतकाळात, पुढे लागणाऱ्या तुकड्याला व्याकरणात अभ्यास म्हणतात आणि त्याचा साचा आहे एक व्यंजन आणि एक ऱ्हस्व स्वर, बस. दा चं ददौ, नी चं निनाय, तुद् चं तुतोद. धातूच्या सुरवातीला एकच व्यंजन असेल तर भांडणच नाही, पण दोन असली की एकालाच जागा आहे, दुसऱ्याला बाहेर बसावं लागतं. तुमचा सगळा प्रश्न इथेच आहे, की बाहेर कोण बसणार.

आधी हा डेटा बघा, उत्तर वाचायच्या आधी स्वतः दोन मिनटं डोकं लावा:

प्रछ् – पप्रच्छ
त्यज् – तत्याज
श्रु – शुश्राव
स्मृ – सस्मार
स्ना – सस्नौ
स्पृश् – पस्पर्श
स्तु – तुष्टाव
स्था – तस्थौ

बहुतेक जण पहिल्यांदा म्हणतात "पहिलं व्यंजन ठेवायचं", आणि पहिल्या पाच ओळी मस्त बसतात पण स्पृश् ला गाडी अडकते. मग म्हणतात "ठीक आहे, स्वराच्या जवळचं ठेवायचं", पण मग स्पृश् सुटतो आणि प्रछ् चं रप्रच्छ व्हायला लागतं. पाणिनीनं हे दोन सूत्रांत उरकलंय: हलादिः शेषः, म्हणजे अभ्यासातलं पहिलं व्यंजन उरतं, आणि लगेच पुढचं शर्पूर्वाः खयः, म्हणजे श-ष-स च्या मागे कठोर स्पर्श व्यंजन आलं असेल (क-ख, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ) तर तो स्पर्श उरतो. स्मृ मधे स च्या मागे म आहे, तो या यादीत नाही, म्हणून पहिलंच सूत्र चालतं आणि स राहतो. तस्मार तर शक्यच नाही कारण धातूत त आहेच कुठे!

स्था पूर्ण करून बघू. आधी अख्खा तुकडा डबल करा, स्था-स्था. पुढच्या तुकड्यात स आणि थ, थ कठोर स्पर्श, म्हणून स गेला, था-स्था. स्वर ऱ्हस्व, थ-स्था. अभ्यासात महाप्राण टिकत नाही म्हणून थ चा त, तस्था, आणि प्रत्यय लागून तस्थौ. असंच क चा च आणि ग चा ज होतो (कृ – चकार, गम् – जगाम), पण तो उच्चाराच्या जागेचा मामला आहे, कोण उरतं याच्याशी त्याचा संबंध नाही, गोंधळ करून घेऊ नका. तुष्टाव मधला ष्ट पण तसाच, आधीच्या उ मुळे स चा ष झाला आणि त्याच्या शेजारी त चा ट.

आता मला जे आवडतं ते. ही दोन सूत्रं एका वाक्यात बसवता येतात. व्यंजनांना त्यांच्या नादाप्रमाणे एका शिडीवर ठेवा: सगळ्यात खाली क-त-प सारखे स्पर्श, मग श-स, मग न-म, मग र-ल, मग य-व, सगळ्यात वर स्वर. नियम एवढाच की जोडीतलं जे खालच्या पायरीवर असेल ते अभ्यासात ठेवायचं. प्र मधे प खाली, स्म मधे स खाली, स्त मधे त खाली. झालं. सिलेबल तोंडाला सोपं कधी वाटतं, तर सुरवात खालून होऊन स्वराकडे मोठी उडी असेल तेव्हा, आणि ज्या तुकड्याला एकच व्यंजन परवडतं तो ही उडी मोठी ठेवून घेतो.

यावरून हे पण दिसतं की स्त, स्प, स्क या जोड्या जरा वेगळ्याच आहेत, कारण त्यांत शिडी आधी उतरते आणि मग चढते. प्र, त्य, स्म तशा नाहीत, त्या सरळ चढतात. आपल्या बोलण्यात पण बघा ना, ग्लासचा गिलास होतो, स्वर मधे घुसतो, पण स्टेशनचं इस्टेशन होतं, स्वर आधीच येऊन बसतो, नाहीतर गावाकडे थेट ठेसन, म्हणजे स च गायब. संस्कृतच्या भावंडांनी पण या जोडीपुढे वेगवेगळे तोडगे काढलेत. लॅटिनमधे 'उभा राहणे' स्तो, त्याचा भूतकाळ स्तेती, तिथे पुढच्या तुकड्यात स्त जोडीनं राहतो आणि उलट मूळ धातूतला स उडतो. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ग्र असेल तर ग एकटाच पुढे येतो, पण स्त, स्क असेल तर दोघं जोडीनं येतात. म्हणून शिडीचा नियम संस्कृतपुरता घ्या, कुठल्याही भाषेला चिकटवू नका. आणि संस्कृतात पण स्वरानं सुरू होणारे धातू आणि पत् – पेतुः सारखी रूपं वेगळी जातात, ती या हिशोबात नाहीत.

आता चहाबिहा. संबंध आहे पण चुलत. तिथे तुकडा मागे येतो आणि कापून त्या जागी ठरलेला आवाज बसवतात. मराठीत पहिल्या सिलेबलचा स्वरापर्यंतचा भाग जातो आणि बि बसतो: पुस्तक-बिस्तक, भांडण-बिंडण, प्रश्न-बिश्न. स्वरानंतरचं जे आहे, तो स् किंवा अनुस्वार, त्याला हात लागत नाही. आम्ही बडोद्याचे असल्यामुळे दुसरा नमुना फुकटात मिळतो, दांडिया बाजारात चहाच्या लारीवर एक जण 'चहाबिहा' म्हणतो आणि शेजारचा 'चा-बा'. गुजरातीत फक्त स्वराच्या आधीचं जातं, स्वर टिकतो: पाणी-बाणी, पण आपलं पाणी-बिणी. दोन्हीकडे ब च, सुरी फक्त एक घर अलीकडे-पलीकडे चालते. आणि गंमत म्हणजे इथे स्त-प्र असा भेदभाव नाही, स्वराआधीचं सगळं एकगठ्ठा जातं. स्टेशन-बिशन म्हणतो आपण, स्टेशन-बिटेशन कोणी म्हणत नाही.

आता हे चार सोडवा: स्खल्, श्लिष्, घ्रा, श्च्युत्.

स्खल् चं चस्खाल, स च्या मागे ख, ख राहिला, त्याचा क आणि क चा च. सस्खाल लिहिलंत तर दुसरं सूत्र विसरलात, खस्खाल लिहिलंत तर निवड बरोबर आहे, पुढची डागडुजी राहिली. श्लिष् चं शिश्लेष, ल शिडीवर श च्या वर आहे म्हणून श राहतो. घ्रा चं जघ्रौ. शेवटच्यात तीन व्यंजनं आहेत म्हणून मुद्दाम दिला, श-च-य यांत सगळ्यात खाली च, तो पहिला पण नाही आणि स्वराजवळचा पण नाही, मधला आहे, आणि रूप होतं चुश्च्योत.