दिवाळी अंकाच्या जाहिरात दरपत्रकात काय तपासावं?

प्रश्न: आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक ए-फोर आकारात निघतो. या वर्षी दरपत्रक मी केलंय: पूर्ण पान ८०००, अर्धं पान ४५००, पाव पान २५००, आतील मुखपृष्ठ १२,०००, मलपृष्ठ १५,०००. लवकर बुकिंगला १०% सूट, दोन जाहिरातींना १०% सूट, एजन्सीला १५%. जाहिराती सप्टेंबरअखेर द्याव्यात. जीएसटी वेगळा. छापायला देण्याआधी कुणी नजर टाकेल का? काही राहिलंय का?

उत्तर:

दर ठीक वाटतात, त्यात मी पडत नाही. घोळ आहे तो सवलतींच्या ओळीत, आणि तिथूनच सुरुवात करतो, कारण बिलाच्या वेळी वाद तिथेच होतो.

समजा एका एजन्सीने ऑगस्टमध्येच दोन अर्ध्या पानांची जाहिरात नक्की केली. मूळ रक्कम ९०००. तिन्ही सवलती लागू. एजन्सीचा माणूस १०, १० आणि १५ यांची बेरीज करून ३५ टक्के काढेल आणि ५८५० रुपये पाठवेल. तुमचे खजिनदार एकामागून एक सवलत काढतील: ९००० चे ८१००, त्याचे ७२९०, त्यातून १५ टक्के गेले की ६१९६ रुपये ५० पैसे. तिसरा कुणी म्हणेल, कमिशन नेहमी मूळ दरावर असतं. म्हणजे ७२९० मधून ९००० चे १५ टक्के, १३५० वजा, हाती ५९४०. तुमचं दरपत्रक वाचून तिघांचंही बरोबर आहे. एका व्यवहारात जवळपास साडेतीनशेचा फरक, आणि असे पंधरावीस व्यवहार असले तर तो पाच-सात हजारांवर जातो.

उपाय दोन आहेत. एक, सवलतींचा क्रम लिहा. दोन, सवलती एकत्र मिळतात की नाही ते लिहा. माझा सल्ला असा की लवकर बुकिंग आणि दोन जाहिराती यांतली एकच सूट द्या, आणि कमिशन सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर ठेवा. मग तोच व्यवहार ९०००, ८१००, ६८८५ असा सरळ उतरतो. ही तीन आकड्यांची साखळी दरपत्रकातच उदाहरण म्हणून छापा. नियमाची चार वाक्यं कुणी वाचत नाही, सोडवलेलं गणित सगळे वाचतात.

«दोन जाहिराती» म्हणजे नेमकं काय, हेही लिहावं लागेल. याच अंकात दोन, की यंदा एक आणि पुढच्या वर्षी एक? एका मालकाची दोन दुकानं असतील तर? «एकाच नावाने, एकाच बिलावर, याच अंकात» एवढं लिहिलंत की पुरे. एजन्सीचं कमिशन कुणाला, याचंही तसंच. गावातला प्रत्येक दुकानदार विचारणार, «मी थेट आलोय, मधला माणूस नाही, मग ते पंधरा टक्के मलाच द्या ना.» आणि कुणाचा तरी भाचा रातोरात एजन्सी होतो. जो स्वतःच्या लेटरहेडवर रिलीज ऑर्डर देतो आणि बिलाची जबाबदारी स्वतः घेतो, त्यालाच कमिशन, असं लिहून टाका.

आता आकार. «अर्धं पान» हा आकार नाही. ते आडवं असतं किंवा उभं असतं, आणि त्यापुढे मिलिमीटर लागतात. ए-फोर पान २१० बाय २९७ मिमी. चारी बाजूंनी १५ मिमी समास सोडलात तर मजकुराची जागा १८० बाय २६७ उरते. दोन जाहिरातींत ५ मिमी जागा ठेवली तर आडवं अर्धं पान १८० बाय १३१, उभं ८७.५ बाय २६७ आणि पाव पान ८७.५ बाय १३१. हे आकडे तुमच्या मुद्रकाच्या समासाप्रमाणे बदलतील, पण आकडे हवेतच. आणि «रुंदी x उंची» असं शीर्षकातच लिहा. आडव्या पानासाठी उभी जाहिरात येणं हा रोजचा प्रकार आहे. मग ऑपरेटर ती फिरवतो किंवा दाबून बसवतो, आणि दुकानाच्या मालकाचा फोटो बुटका दिसतो. तो दिवाळीत तुम्हालाच ऐकवणार.

मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ यांचा घोळ थोडा निराळा. कव्हरची पानं चार: समोरचं, समोरच्याची आतली बाजू, मागच्याची आतली बाजू आणि मागचं. तुमच्या यादीत «आतील मुखपृष्ठ» आणि «मलपृष्ठ» आहे. मग मागच्या कव्हरची आतली बाजू विकायची आहे की नाही? विकायची नसेल तर तसं लिहा, असेल तर दर द्या, नाहीतर कुणीतरी ८००० च्या भावात ती मागेल, कारण त्याच्या लेखी तेही पूर्ण पानच. मुद्रक ज्यांना कव्हर १ ते ४ म्हणतात तेच क्रमांक मराठी नावापुढे लिहा. कव्हरवरच्या जाहिराती पानाच्या कडेपर्यंत जातात, म्हणून त्यांना कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिमी जादा हवेत, म्हणजे फाइल २१६ बाय ३०३ ची. महत्त्वाचा मजकूर कडेपासून १० मिमी आत ठेवा असंही सांगा, नाहीतर फोन नंबरचा शेवटचा आकडा कटिंग मशीनखाली जातो.

रंगीत की कृष्णधवल हे तुमच्या दरपत्रकात कुठेच नाही! अंकाची सगळी पानं रंगीत असतील तर एक वाक्य लिहून मोकळे व्हा. काही फॉर्मच, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानंच, रंगीत असतील तर दोन दर लागतील, आणि «रंगीत जाहिरातीचं पान संपादक ठरवतील» हेही, कारण रंगीत जागा त्या फॉर्ममधल्या पानांपुरतीच असते.

फाइलबद्दल एका ओळीत: छपाईसाठी पीडीएफ, सीएमवायके रंगात, चित्रं ३०० डीपीआयची, मराठी मजकुराचे फाँट कर्व्ह केलेले, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकलेली. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण जुन्या मराठी फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून, कारण फोटो आकुंचित होऊन येतो आणि पानावर मऊ, धूसर छापला जातो. पण खरं सांगायचं तर तुमच्या निम्म्या जाहिरातदारांकडे फाइलच नसणार. मिठाईवाले आणि पतसंस्था व्हिजिटिंग कार्ड हातात ठेवतात आणि म्हणतात, यातून करा. म्हणून जाहिरात तुम्ही बनवून देणार की नाही, देणार असाल तर पैसे किती आणि दुरुस्त्या किती वेळा, हे आताच ठरवा. एक प्रूफ फुकट, त्यानंतरच्या प्रत्येक बदलाला ठरावीक रक्कम, हे चालण्यासारखं आहे.

«सप्टेंबरअखेर» ही मुदत चार वेगवेगळ्या गोष्टींना लावली जाईल: जागा पक्की करणं, फाइल देणं, प्रूफ पास करणं, पैसे भरणं. जाहिरातदार त्यांतली सर्वात सोयीची घेतो, म्हणजे ३० तारखेला रात्री फोन करून «आमचं अर्धं पान धरा» म्हणतो आणि फाइल दसऱ्याला पाठवतो. चारही तारखा वेगळ्या छापा. कव्हर वेगळ्या कागदावर, वेगळं छापलं जातं, त्यामुळे त्याच्या जाहिरातींची मुदत आतल्या पानांच्या मुदतीशी बांधू नका. मुद्रकाला विचारा की त्याला कव्हर कधी हवंय, आणि त्याच्या चार दिवस आधीची तारीख छापा. तारखेसोबत वार आणि वेळ लिहा, जसं «३० सप्टेंबर २०२६, बुधवार, सायंकाळी ६ पर्यंत». वार लिहिण्याचा आणखी एक फायदा म्हणजे गेल्या वर्षीच्या दरपत्रकावरून उतरवलेली तारीख लगेच पकडता येते, कारण वार जुळत नाही.

लवकर बुकिंगची सूट कशावर ठरणार? फोनवरच्या शब्दावर, लेखी पत्रावर की पैसे जमा झाल्यावर? पैशांवर ठेवलंत तर पतसंस्था आणि बँका अडतील, कारण त्यांना संचालक मंडळाची मंजुरी लागते. त्यांच्यासाठी सहीशिक्क्याचं पत्र पुरेसं धरा, बाकीच्यांना निम्मी रक्कम आगाऊ. जाहिरात रद्द केली तर आगाऊ रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल, हेही त्याच ओळीत.

«जीएसटी वेगळा» हे लिहिण्याआधी खजिनदारांना विचारा की वाचनालयाची जीएसटी नोंदणी आहे का. नसेल तर कर लावताच येत नाही, ती ओळ काढून टाका. असेल तर छापील माध्यमातल्या जाहिरातीच्या जागेला ५ टक्के लागतो, वेबसाइटवरच्या जाहिरातीसारखा १८ नाही. सवलत बिलावरच दाखवली असेल तर कर सवलतीनंतरच्या रकमेवर येतो: वरच्या उदाहरणात ६८८५ वर ३४४ रुपये २५ पैसे. «५% जीएसटी अतिरिक्त» असा नेमका आकडा लिहा, म्हणजे कुणी «दरात धरलाय ना?» विचारणार नाही.

छपाईला देण्याआधी एवढं करा. अंकाशी काहीही संबंध नसलेल्या दोघांना वेगवेगळं बसवून तीन प्रश्न सोडवायला द्या: एजन्सीमार्फत दोन अर्धी पानं, थेट आलेल्याचं एक पाव पान, आणि पतसंस्थेचं मलपृष्ठ. प्रत्येकाचं अंतिम बिल आणि फाइल द्यायची शेवटची तारीख काढायला सांगा. त्यांनी तुम्हाला काही विचारलं तर उत्तर देऊ नका, प्रश्न टिपून घ्या. दोघांचे आकडे वेगळे आले किंवा प्रश्न आला, ती ओळ परत लिहायची.

आणि खाली कोपऱ्यात «दिवाळी २०२६, दरपत्रक दि. अमुक, या आधीची रद्द» असं छापा. व्हॉट्सॲपवर जुनी पीडीएफ वर्षानुवर्षं फिरत राहते, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी यंदाचाच दर तुमच्यासमोर धरेल.